अर्जातला आकडा आणि कॅलेंडरची लिंक

सप्रेम नमस्कार,

सोशल मीडिया मॅनेजरच्या जागेसाठी लिहिलेला तुझा अर्ज वाचला. भाषा नीट आहे, लांबीही बेताची आहे. अडतंय ते दोन ठिकाणी: मोहिमेचा निकाल सांगणारं वाक्य आणि शेवटी दिलेली पोस्टच्या नमुना कॅलेंडरची लिंक. अर्ज चाळणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. बाकीचं पत्र तो नंतर वाचतो, वाचलंच तर.

तू लिहिलंस, "छायाचित्रणाच्या ऑनलाइन वर्गाच्या नोंदणीत २५० टक्के वाढ केली." आधी गणित बघू. नोंदण्या २४ वरून ६० वर गेल्या. म्हणजे त्या अडीच पट झाल्या; वाढ ३६ ची, म्हणजे १५० टक्के. ही गफलत सर्रास होते आणि मुलाखतीत कुणी मूळ आकडे विचारले की तिथल्या तिथे उघडी पडते. माझं ऐकशील तर टक्केवारी काढूनच टाक. इतक्या लहान आकड्यांना टक्के लावले की ते फुगवलेले वाटतात. "२४ वरून ६०" एवढं पुरे, फक्त दोन्ही आकडे सारख्याच मुदतीचे आहेत, सहा-सहा आठवड्यांचे, हे सोबत लिही.

पुढचा प्रश्न ठरलेला आहे: यातल्या तुझ्या पोस्टमुळे किती? इथे तुझी बाजू भक्कम आहे, पण अर्जात ती आलेलीच नाही. मोहिमेच्या लिंकला तू टॅग लावले होतेस:

```
?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=photo_class
```

त्यामुळे लिंकवरून ९५० भेटी आणि त्यातून ३८ नोंदण्या झाल्या हे अॅनालिटिक्समध्ये दिसतं. उरलेल्या २२ इतर वाटांनी आल्या, आणि हा आकडा आधीच्या २४ च्या जवळपास आहे. म्हणजे नेहमीचा ओघ तसाच राहिला आणि मोहिमेची भर त्यावर पडली, असं म्हणायला जागा आहे. सिद्ध झालं असं मात्र म्हणू नकोस. वर्ग सुट्टीच्या तोंडावर सुरू होणार असेल तर नोंदण्या एरवीही वाढल्या असत्या; गेल्या वर्षीचे त्याच काळातले आकडे मिळाले तर तेही जवळ ठेव. आणि टॅग एकदा तपासून घे. `Instagram` आणि `instagram` असं दोन्ही लिहिलं गेलं असेल तर अॅनालिटिक्स ते दोन वेगळे स्रोत धरतं आणि तुझे ३८ दोन ओळींत विभागले जातात.

"एंगेजमेंट रेट ३२ टक्के" हे वाक्य तर मुळीच नको. १,६०० प्रतिसादांना ५,००० फॉलोअर्सनी भागलं की ३२ टक्के येतात. त्यांनाच ४०,००० रीचने भागलं की ४ टक्के. दोन्ही पद्धती वापरात आहेत, पण रील्स फॉलोअर्सच्या पलीकडे पोचलेल्या असताना पहिली पद्धत आकडा उगाच चढवते, आणि हे काम रोज करणाऱ्याला तो बघताक्षणी खटकतो. रेट द्यायचाच असेल तर कशाने भागलं ते लिही. रीचही प्रत्येक पोस्टचा बेरजेने काढलेला नको. एकाच माणसाने पाच पोस्ट पाहिल्या तर बेरजेत तो पाचदा येतो. इनसाइट्समध्ये पूर्ण मुदतीचा, अख्ख्या खात्याचा रीच वेगळा मिळतो, तो घे.

एवढं सगळं झाल्यावर अर्जातला मजकूर साधारण असा होईल:

"छायाचित्रणाच्या ऑनलाइन वर्गासाठी सहा आठवडे इन्स्टाग्राम मोहीम चालवली. आधीच्या सहा आठवड्यांत २४ नोंदण्या होत्या, मोहिमेच्या काळात ६० झाल्या; त्यांपैकी ३८ मोहिमेच्या लिंकवरून आल्या. जाहिरातींवर खर्च केला नाही. नियोजन, स्क्रिप्ट आणि कॅप्शन माझ्या, चित्रण सहकाऱ्याचं."

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात. पैसे लावून मिळवलेला रीच आणि आपसूक मिळालेला रीच यांचा भाव वेगळा असतो, आणि टीमच्या कामातला तुझा वाटा किती हेही अर्ज वाचणाऱ्याला कळायला हवं. संस्थेचे आकडे बाहेर सांगण्याची परवानगी आधी घे. नाही मिळाली तर नाव वगळ आणि "अडीच पट" एवढंच सांग.

आता कॅलेंडर. तू महिन्याचे तीसही दिवस भरलेत, पण निम्म्या घरांत "प्रेरणादायी विचार" आणि "टीमचा फोटो" एवढंच आहे. त्यातून रकाने भरता येतात एवढंच कळतं. दोनच आठवडे ठेव, सात-आठ पोस्ट, पण प्रत्येकीची कॅप्शन पूर्ण लिहिलेली हवी. रोज पोस्ट टाकायचा बेत बघून जाणकार आधी हाच हिशेब करतो की इतकं चित्रण आणि संपादन करणार कोण.

एक ओळ नीट बघ. मंगळवार, कॅरोसेल, विषय "कमी उजेडात फोटो का हलतो". तुझ्या कॅप्शनच्या शेवटी नोंदणीची लिंक चिकटवलेली आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलमध्ये द्यावी लागते किंवा स्टोरीतल्या लिंक स्टिकरवर. हे काम केलेला माणूस ही चूक करत नाही, म्हणून इतकी छोटी असूनही ती महागात पडते. दुसरं, फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातच दिसते, पुढचं दाबल्यावर उघडतं. तुझी पहिली ओळ "नमस्कार मित्रांनो" अशी आहे. तिथे "फोटो हलला? दोष हाताचा नसेल, शटर स्पीडचा असेल" असं काहीतरी हवं. आणि कॅलेंडरमध्ये "हेतू" हा रकाना वाढव: लोकांनी ही पोस्ट सेव्ह करावी, म्हणून मोजायचं ते सेव्ह. शुक्रवारची रील नवख्यांपर्यंत पोचायची, तर तिथे बघायचे शेअर. हा एक रकाना असला की कॅलेंडरमागचा विचार दिसतो.

लिंक मी उघडायला गेलो तर परवानगी मागणारं पान आलं. गूगल शीट मुळात `Restricted` असते. शेअरमध्ये जाऊन `Anyone with the link` निवड आणि भूमिका `Viewer` ठेव. `Editor` ठेवलीस तर कुणीही त्यात खाडाखोड करू शकतं. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या खात्यावरून बाहेर शेअर करणं बऱ्याचदा बंद असतं, म्हणून फाइल स्वतःच्या खात्यात बनव. जुन्या कामाची शीट लपवलेल्या टॅबसकट पाठवू नकोस. बघणाऱ्याने तिची प्रत काढली की लपवलेले टॅब त्याला उघडता येतात. नवी फाइल घे आणि लागेल तेवढंच तीत चिकटव. मग इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघ, फोनवरही बघ. रकाने जास्त झाले की फोनवर आडवे सरकवावे लागतात, तेवढा त्रास कुणी घेत नाही.

शीटच्या डोक्यावर "नमुना, प्रत्यक्ष वापरलेला नाही" असं लिही. आणि इनसाइट्सचे, अॅनालिटिक्सचे स्क्रीनशॉट आजच तारखेसकट काढून ठेव. संस्थेतून बाहेर पडलं की खात्याचा प्रवेश जातो, आणि "३८ कसे मोजले?" हा प्रश्न नेमका त्यानंतर येतो.