दोषारोपपत्राचे जोडपत्र एक आणि जोडपत्र दोन यांत नेमके काय लिहावे?

प्रश्न: मी नाशिकमधील एका शासकीय कार्यालयात आस्थापनेचे टेबल सांभाळतो. साहेबांनी एका रोखपालाच्या विभागीय चौकशीचे दोषारोपपत्र तयार करायला सांगितले आहे. जोडपत्र १ आणि जोडपत्र २ मध्ये तोच मजकूर दोनदा लिहायचा का?

उत्तर: नाही, आणि जुन्या प्रकरणाचा मसुदा समोर ठेवून नावे बदलणार असाल, तर तेही करू नका. मी याच जिल्ह्यात बरीच वर्षे आस्थापनेचे काम केले आहे. चौकशीत टिकू न शकलेल्या प्रकरणांच्या संचिका पाहिल्या की पुरावा बहुधा पुरेसा असतो, पण दोषारोप मोघम असल्यामुळे तो कशाला जोडायचा हेच कळत नाही.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ खालच्या ज्ञापनासोबत चार जोडपत्रे असतात. पहिल्यात दोषारोपाच्या बाबी, दुसऱ्यात त्या बाबींच्या पुष्ट्यर्थ आरोपांचे विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. पहिले जोडपत्र कर्मचाऱ्याने कोणत्या काळात काय केले आणि त्यामुळे कोणत्या नियमाचा भंग झाला एवढेच सांगते. ते कुठे, कसे घडले याचा तारीखवार तपशील आणि कशावरून म्हणता, हे सारे दुसऱ्यात येते.

उदाहरण घेऊ. समजा, सिन्नरमधील एका कार्यालयाच्या रोखपालाने ३ ते २१ एप्रिल २०२३ या काळात बारा पावत्यांद्वारे ४६,३०० रुपये स्वीकारले, त्यांची रोखवहीत नोंद केली नाही, १५ मे रोजी कार्यालयप्रमुखांनी तपासणी करून १८ मेपर्यंत भरणा करण्याचा लेखी आदेश दिला, तरीही रक्कम ९ जून रोजी भरली. असा मसुदा हमखास येतो: ‘श्री. अ यांनी शासकीय रकमेचा अपहार केला, वरिष्ठांचे आदेश पाळले नाहीत व कर्तव्यात कसूर केली.’ या एका वाक्यात तीन आरोप कोंबले आहेत, एकालाही तारीख वा रक्कम नाही, आणि रक्कम उशिरा का होईना भरलेली असताना ‘अपहार’ लिहिल्यामुळे ती स्वतःसाठी वापरली हे सिद्ध करण्याचे ओझे सादरकर्ता अधिकाऱ्यावर पडते. तसा पुरावा हाती नसेल, तर जे घडले तेच लिहावे.

म्हणून पहिली बाब नोंद न करण्याची, दुसरी शासकीय रक्कम स्वतःजवळ ठेवून उशिरा भरण्याची आणि तिसरी लेखी आदेश न पाळण्याची, अशा तीन स्वतंत्र बाबी कराव्यात. दुसरी बाब अशी होईल: ‘श्री. अ यांनी रोखपाल पदावर कार्यरत असताना ३ ते २१ एप्रिल २०२३ या कालावधीत स्वीकारलेली ४६,३०० रुपये इतकी शासकीय रक्कम ९ जून २०२३ पर्यंत शासनखाती भरणा न करता स्वतःजवळ ठेवली व त्याद्वारे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ चा भंग केला.’ जोडपत्र २ मध्ये याच बाबीखाली प्रत्येक पावतीचा क्रमांक, दिनांक व रक्कम, तपासणीच्या वेळी रोख पेटीत प्रत्यक्ष आढळलेली रक्कम आणि भरण्याच्या चलनाचा तपशील क्रमाने द्यावा.

विवरणातील प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने जोडपत्र ३ मधील कागदाचा आणि जोडपत्र ४ मधील साक्षीदाराचा क्रमांक लिहून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्याला आधार नाही. पावती पुस्तकाची नुसती प्रत जोडल्याने मजकूर सिद्ध होत नाही. रूप सिंग नेगी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच सांगितले आहे. म्हणून तपासणी करणारे अधिकारी साक्षीदारांत हवेतच, आणि प्राथमिक चौकशीच्या अहवालावर भिस्त ठेवणार असाल तर तो लिहिणाराही हवा.

भाषेकडेही लक्ष द्या. विवरणात ‘दोषी आहेत’, ‘सिद्ध झाले आहे’ असे लिहिले, तर प्राधिकाऱ्यांनी चौकशीपूर्वीच मन बनवले असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य असते. जुन्या शिक्षेचा विचार शिक्षा ठरवताना करायचा असेल, तर तिचाही उल्लेख कर्मचाऱ्याला आधी कळेल असा करावा लागतो.

शेवटी, मसुदा तुम्ही करा, पण ज्ञापन निर्गमित होण्यापूर्वी सक्षम शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्यांनी केवळ चौकशी सुरू करण्यालाच नव्हे, तर दोषारोपांच्या मजकुरालाही मान्यता दिल्याची टिपणी संचिकेवर असू द्या. बी. व्ही. गोपीनाथ प्रकरणात २०१३ मध्ये अशी मान्यता नसल्यामुळेच दोषारोपपत्र रद्द ठरले होते.