कापलेल्या फोटोच्या केसांभोवती पांढरी रेघ येते, काय करायचं?

प्रश्न: "मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो कट करून PNG ठेवलाय, वर्षभर तोच वाढदिवसाला, दहीहंडीला, गणपतीला सगळीकडे टाकायचाय. पांढऱ्या बॅनरवर एकदम भारी दिसतो पण मरून किंवा काळ्यावर टाकला की केसांभोवती पांढरी रेघ दिसते. फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढलाय, कुर्ता पण पांढराच. फोटोशॉप वापरतो, पीएनजी सेव्ह करताना काही चुकतंय का?"

उत्तर:

सेव्ह करताना काही चुकत नाहीये, तुझा कट पण बहुतेक ठीकच असेल. घोळ आहे तो कडेच्या पिक्सेलच्या रंगात.

झूम करून बघ. केसाच्या टोकाला जो पिक्सेल आहे तो पूर्ण केस पण नसतो आणि पूर्ण भिंत पण नसते, कॅमेऱ्याने दोन्ही रंग मिसळून एकच रंग टिपलेला असतो. आपण मास्क मारतो तेव्हा त्या पिक्सेलला सांगतो की तू अर्धा पारदर्शक हो, पण त्याचा रंग तोच राहतो, भिंत मिसळलेला. आणि पीएनजीमधे रंग वेगळा आणि अल्फा, म्हणजे तो पिक्सेल किती दिसणार ते, वेगळं साठवलेलं असतं, त्यामुळे ती मिसळलेली भिंत फाईलबरोबर प्रत्येक डिझाईनमधे जाते.

आकड्यात बघ म्हणजे पटेल. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. केस धर 20, भिंत 240, कडेचा अर्धा-अर्धा पिक्सेल झाला 130. आता मागे 40 चा गडद बॅकग्राउंड टाकला आणि अल्फा बरोब्बर 50 टक्के आहे असं समज. यायला पाहिजे 20 चं अर्धं अधिक 40 चं अर्धं, म्हणजे 30. पण येतं 130 चं अर्धं अधिक 40 चं अर्धं, म्हणजे 85. हीच तुझी पांढरी रेघ. पांढऱ्या बॅनरवर पण रंग चुकलेलाच असतो, फक्त तिथे केस जरा विरळ वाटतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून आपले बरेच लोक करतात ते करू नकोस, म्हणजे Select and Mask मधलं Shift Edge मायनसला खेचून कड आत घ्यायची. खांद्याला, हाताला एखादा पिक्सेल आत घेतला तर चालतं, पण केसाला केलं की बारीक केस सगळे उडतात आणि साहेब विग घातल्यासारखे दिसतात. मास्क तसाच ठेवायचा आणि फक्त रंग बदलायचा, बास.

Select and Mask मधे खाली Decontaminate Colors आहे ते हेच करतं, कडेच्या पिक्सेलमधे आतला रंग भरतं. टिक कर, Output To मधे New Layer with Layer Mask ठेव, कारण ते खरोखरचे पिक्सेल बदलतं, मूळ लेयर शाबूत राहिलेला बरा. पण पूर्ण 100 वर ठेवलं की कधी कधी कानाचा रंग केसात पसरतो, मधलं काहीतरी घे आणि डोळ्यांनी बघ.

त्यानंतर पण जिथे रेघ राहते तिथे मी हातानेच करतो आणि खरं सांगायचं तर अर्ध्या वेळेला सुरुवातच हाताने करतो. कट केलेल्या लेयरच्या वर एक नवीन रिकामा लेयर घ्यायचा, Alt+Ctrl+G दाबून खालच्याला क्लिप करायचा, त्याचा मोड Darken करायचा. मग सॉफ्ट ब्रश, ओपॅसिटी कमी, Alt दाबून कडेपासून थोडं आतल्या केसाचा रंग उचलायचा आणि रेघेवरून फिरवायचा. क्लिप असल्यामुळे बाहेर काही सांडत नाही आणि Darken मुळे जे पिक्सेल जास्त उजळ आहेत तेवढेच गडद होतात, आधीच काळे असलेले केस तसेच राहतात. एकच रंग सगळीकडे फासू नकोस, कानाजवळचा केस आणि डोक्यावर उजेड पडलेला केस यांचा रंग वेगळा असतो, मेंदी लावली असेल तर विचारूच नको. दर थोड्या अंतराने नवीन रंग उचल.

पांढऱ्या कुर्त्याचं दुखणं उलटं आहे. कुर्ता पांढरा, भिंत पांढरी, म्हणजे कडेला रंगाचा प्रश्न जवळपास नाहीच, पण खांदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते ऑटो सिलेक्शनला कळत नाही. तिथे सरळ पेन टूल घे, खांदा आणि बाही हाताने पाथने काढ. आणि आतमधे बघायला विसरू नकोस! Alt दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. छातीवर कुठे पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी डाग दिसले तर तिथून मागचा रंग झिरपणार, म्हणजे मरून बॅनरवर कुर्ता मळकट गुलाबी. ते डाग पांढऱ्या ब्रशने भरून टाक. फेटा असेल तर तुऱ्याचं मात्र उलट, पातळ कापडातून भिंत खरंच दिसत असते, तिथे मास्क थोडा राखाडीच पाहिजे, नाहीतर तुरा पुठ्ठ्याचा वाटतो.

आता भिंतीचा कचरा. कट केलेल्या माणसाच्या आजूबाजूला एक-दोन टक्के अल्फाचे ठिपके राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. शोधायचे कसे, तर लेयरला लाल रंगाचा जाड Stroke इफेक्ट दे. जिथे ठिपका असेल तिथे लाल गोळा उठून दिसतो. नाहीतर पुढे कुणीतरी त्याच पीएनजीला पांढरी आउटलाईन देणार, आपल्याकडे ती देतातच, आणि बॅनरवर हवेत पांढरे ठिपके. मास्क सिलेक्ट करून Ctrl+L, डावा काळा स्लायडर 0 वरून 10 च्या आसपास आण, बहुतेक जातात. जास्त सरकवलास तर बारीक केस पण जातील. उरलेले काळ्या ब्रशने पुसायचे. Stroke काढून टाकायला विसरू नको.

खाली एक काळा, एक पांढरा, एक भगवा असे तीन प्लेन लेयर ठेव आणि आलटून पालटून चालू करून बघ, 100 टक्के झूमवर. तिन्हीवर पास झाला तरच पुढे. सावली, ग्लो असलं काही यात भाजून ठेवू नको, ते प्रत्येक डिझाईनमधे वेगळं लागतं.

मग हे तिन्ही लेयर बंद करून Image > Trim, त्यात Transparent Pixels, म्हणजे रिकामी जागा कापली जाते. कापल्यावर पण एखाद्या बाजूला उगाच मोकळी जागा राहिली तर समज अजून ठिपका लपलाय. File > Export > Export As, PNG, Transparency चालू, Smaller File बंद, कारण तो रंग कमी करतो. साईझ कमी करू नको, कॅमेऱ्याने दिली तेवढीच ठेव, छोटी करायची तर डिझाईनमधे होते. PSD पण जपून ठेव, मास्कसकट. पीएनजीमधे CMYK नसतं, त्यामुळे RGB मधेच ठेव आणि रंगाचं कन्व्हर्जन शेवटी फायनल फाईलला.

नारायण पेठेतल्या फ्लेक्सवाल्याला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नकोस, त्याची जेपीजी होते आणि पारदर्शकपणा गेला, डॉक्युमेंट म्हणून टाक. तो कोरलमधे इंपोर्ट करेल, तिथे पीएनजीची पारदर्शकता टिकते.

आणि पुढच्या वेळी फोटो मोबाईलवर काढणार असशील तर पोर्ट्रेट मोड बंद कर, तो केसांची कड आधीच धूसर करून ठेवतो आणि मग यातलं काहीच नीट बसत नाही. भिंत जमली तर मध्यम राखाडी बघ, आणि अध्यक्षांना भिंतीपासून चार-पाच फूट पुढे उभं कर.