फुलवाती, साजूक तूप आणि काकूंचं देवघर

प्रश्न: गणपतीत नातेवाइकांकडे जायचंय, त्यांच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. पेढे-मोदक तर सगळेच आणतात. मिठाई सोडून काय न्यावं?

घरी वळलेल्या फुलवाती आणि साजूक तुपाची बरणी न्या. दहा दिवसांच्या घरात रोज संपणारी आणि ऐन वेळी कमी पडणारी वस्तू हीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये पेढ्यांचे बॉक्स एकावर एक रचलेले असतात, आणि त्याच घरातली बाई रात्री अकराला पाय पसरून उद्याच्या वाती वळत असते. चिपळूणजवळ माझ्या थोरल्या काकूंना मी असंच बसलेलं पाहिलं, तेव्हापासून मी त्यांच्याकडे वातींचा डबाच नेते.

किती न्यायच्या, याचा हिशोब त्या घराच्या आरतीवरून करा. काकूंकडे सकाळ-संध्याकाळ निरांजन आणि पंचारती लागते, म्हणजे एका आरतीला ६ वाती आणि दिवसाला १२. मी चौथ्या दिवशी पोचते, तेव्हा अनंत चतुर्दशीपर्यंत ७ दिवस उरलेले असतात. त्या झाल्या ८४, म्हणून मी १०० नेते. एका लहान वातीला साधारण अर्धा चमचा तूप लागतं, म्हणजे पाव किलोत भागायला हवं. पण कोकणात रात्री वाडीतली माणसं जमली की आरत्या तासभर चालतात, निरांजनात दोन-तीनदा तूप घालावं लागतं. म्हणून अर्धा किलोच न्यावं.

कापूस विकत घेताना त्यातले चार तंतू जाळून बघा. खऱ्या कापसाला जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटांनी चुरडली जाणारी मऊ राख उरते. तंतू आकसून काळा कडक मणी झाला, तर त्यात कृत्रिम धागा आहे. तो कापूस घेऊ नका.

वळताना सरकी, कचरा काढून कापूस हाताने पिंजा. रुपयाच्या नाण्याएवढी पातळ चकती पसरा, कडा वर गोळा करा आणि दुधाचं बोट लावून टोक पिळा. सगळं कसब या पिळात आहे. टोक फार घट्ट पिळलं तर तूप वर चढत नाही आणि आरती अर्ध्यावर असताना वात विझते. खालचा फुगा फार मोठा झाला, तर ज्योत मोठी होते आणि तूप लवकर संपतं. पहिल्या पाच झाल्या की एक लावून बघा, मग पुढच्या वळा.

वाती तुपात भिजवून नेऊ नका, ही चूक मी पहिल्या वर्षी केली. भाद्रपदातल्या उकाड्यात एसटीत साजूक तूप विरघळतं. उतरेपर्यंत डब्याच्या तळाशी तूप आणि त्यात लोळागोळा झालेल्या वाती, अशी गत झाली होती. तेव्हापासून कोरड्या वाती वेगळ्या नेते आणि तूप घट्ट झाकणाच्या बरणीत. बाजारात तयार मिळणाऱ्या तुपातल्या वाती भर उन्हाळ्यातही टणक आणि पांढऱ्याशुभ्र राहत असतील, तर त्यात साजूक तूप नाही असं खुशाल समजा.

पावसाळी हवेत कापूस ओल धरतो आणि मग वात तडतडते. निघायच्या आदल्या दिवशी ऊन पडलं तर वाती तासभर उन्हात ठेवा, नाहीतर गरम तव्याची आच बंद करून त्यावर कागद पसरा आणि कागदावर ठेवा. मग स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून भरा. दाबून मात्र भरू नका, त्यांचं टोक मोडतं.

जाण्याआधी एक फोन जरूर करा. काही घरांत सोवळं कडक असतं, बाहेरून आलेलं पूजेचं साहित्य चालत नाही. तुमच्याकडे सोयर-सुतक असेल तरीही पूजेचं काही नेऊ नये. अशा वेळी मी सरळ अर्धा किलो चहा पावडर आणि दोन किलो साखर नेते. दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करून घरातला डबा रिकामा झालेलाच असतो.

डबा बाहेरच्या खोलीत मिठाईच्या ढिगावर ठेवू नका, आत जाऊन घरच्या बाईच्या हातात द्या. गेल्या वर्षी काकूंनी झाकण उघडलं, एक वात बोटांत धरून टोक पाहिलं, आणि समोरचं कापसाचं बोचकं गुंडाळून माळ्यावर टाकलं. त्या रात्री त्या आमच्याबरोबर फुगड्या घालायला बाहेर आल्या.