साडीची पोस्ट कधी टाकायची?

ताई, बेळगावच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानासाठी इन्स्टाग्रामवर रोज पोस्ट टाकू नका. आठवड्याला तीनच टाका, पण वार ठरवून.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी अडीचला टाका. जेवणं, भांडी आवरून बायका तेव्हा निवांत मोबाईल बघतात. या पोस्टला मजकूर लांब चालतो: सूत कुठलं, पदर कसा, ब्लाउज पीस आहे का, धुवायची कशी. आणि किंमत लिहाच. "किंमत इनबॉक्समध्ये" वाचून गिऱ्हाईक पुढं सरकतं.

तिसरी पोस्ट शनिवारी संध्याकाळी सातला. खानापूर, निपाणीकडची माणसं रविवारी बाजाराला यायचं तेव्हाच ठरवतात. इथं दोनच ओळी: "इरकल, नवा माल, १,८५० रुपये. उद्या दुकान सुरू." इन्स्टाग्रामवर साधारण सव्वाशे अक्षरांनंतर मजकूर "आणखी" मागं दडतो, म्हणून किंमत आणि वार आधी.

महिनाभर वेळ बदलू नका. मग लाईक सोडून इनसाइट्समध्ये सेव्ह आणि इनबॉक्समध्ये मेसेज बघा. दुपारच्या पोस्टला सेव्ह येतात पण "कुठं आहे दुकान?" असंच विचारतात, तर वेळ बरोबर आहे, पत्ता लिहायचा राहिलाय. दोन्ही नसतील तर फक्त वेळ रात्री नऊवर न्या, मजकूर तोच ठेवा.