ग्रामसभेत सौरपंपाचा विषय मांडताना

"ग्रामसभेत मी सौरपंपावर बोलले. एक काका म्हणाले, 'आमचं बिल माफच आहे, मग सौर कशाला?' मला उत्तरच सुचलं नाही." – ग्रामपंचायत सदस्य, जत तालुका

ताई, काकांचं बरोबर आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत मोफत विजेची योजना आहे. अशा माणसापुढे बिलाची बचत मांडली, की भाषण तिथंच संपतं. मीही सुरुवातीला हीच चूक करायचो.

सभेत दोन तऱ्हेचे शेतकरी बसलेले असतात. त्यांच्याशी वेगवेगळं बोलावं लागतं. विहीर-बोअरला पाणी आहे पण महावितरणची जोडणी नाही, त्यांच्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. तिथं खर्चाचा 10 टक्के वाटा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. काकांकडे जोडणी आहे, म्हणून त्यांच्या कामाचा आहे तो सामायिक प्रकल्प, म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. त्यात मोटार तीच, तारा त्याच. उपकेंद्राला वीज मात्र सौर प्रकल्पातून येते, म्हणून ती दिवसा देता येते. पुढच्या वेळी काकांना एवढंच विचारा, "रात्रपाळीच्या आठवड्यात दारं धरायला तुमच्या घरातलं कोण जातं?" बिबट्या आणि साप यांच्याबद्दल तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. सभाच बोलू लागेल.

"आमच्याकडे बोअरचं पाणी 200 फुटांवर आहे. 5 एचपीचा सौरपंप 3 एकराला पुरेल, असं सभेत सांगू का?" – तरुण शेतकरी, माण तालुका

नुसतं 'पुरेल' म्हणू नका, हिशेब फळ्यावर मांडा. पाणी 200 फूट खाली, वर शेततळ्यापर्यंतचा चढ 30 फूट, पाइपातल्या घर्षणाचे 15-16 फूट धरले, तर पंपाला साधारण 245 फूट, म्हणजे 75 मीटर पाणी उचलायचं आहे. 5 एचपीच्या पंपाला साधारण 4,800 वॉटची पॅनेल असतात. एवढ्या उंचीवर कडक उन्हाच्या दिवशी तो अंदाजे 60 हजार लिटर पाणी देईल.

आता पिकाकडे बघा. एका एकरावर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 20 हजार लिटर. ठिबकवर 3 एकर डाळिंबाला उन्हाळ्यात रोज एवढं लागलं, तर 60 हजार लिटर. बरोबर काठावर बसतं. तेच 3 एकर ऊस पाटानं भिजवायचा म्हटलं, तर एका एकराच्या एका पाळीलाच तीन लाख लिटर, म्हणजे पाच दिवस जातील. 3 एकर फिरेपर्यंत पंधरवडा उलटेल. म्हणून सभेत स्पष्ट सांगा: ठिबक असेल तर जमतं, पाटपाण्याच्या उसाला हा पंप अपुरा पडेल. हे आधी न सांगितल्यामुळंच गावात 'सौरचं पाणी बारीक' असं नाव पडतं.

ढगाळ दिवसाचंही सांगा. ऊन निम्मं झालं म्हणजे पाणी निम्मं, असं होत नाही. मोटारीचा वेग घटला, की पाणी उचलण्याची उंची वेगाच्या वर्गानं घटते. वेग 80 टक्क्यांवर आला, तर दाब 64 टक्केच उरतो. त्यामुळं खोल बोअरवर मोटार फिरताना दिसते, पण पाणी वर येत नाही. मोटार बिघडली असं समजून लोक ती उचलायला जातात. म्हणून शेततळं किंवा टाकी हवी. उन्हात भरून ठेवायची आणि ढगाळ दिवशी तेच वापरायचं.

"भाषणात मान्याचीवाडीचं उदाहरण द्यावं का?" – शिक्षिका, पाटण तालुका

द्या, पण जपून. आपल्या पाटण तालुक्यातलं हे गाव राज्यातलं पहिलं सौरग्राम आहे, पण तिथली गोष्ट घरांवरच्या सौर विजेची आहे. गाव एकत्र आलं की काय होतं, ते त्यातून दाखवा. पंपाचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

"गायरानावर प्रकल्प आला, तर गावाला काय मिळणार? वीज तर बाहेर जाणार." – सरपंच, कवठे महांकाळ तालुका

सरपंचसाहेब, वीज जवळच्या उपकेंद्रात जाते आणि तिथून शेतीच्या फीडरवर येते. म्हणून जागा ठरवण्याआधी तुमच्या गावचे पंप कुठल्या उपकेंद्रावर आहेत, ते महावितरणच्या शाखा कार्यालयातून लेखी घ्या. उपकेंद्र वेगळं असेल, तर जमीन तुमची आणि दिवसाची वीज शेजारच्या गावाला. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं प्रोत्साहन अनुदान आहे. खासगी जमीन भाड्यानं दिली, तर हेक्टरी 1 लाख 25 हजार रुपये वर्षाला आणि दरवर्षी 3 टक्के वाढ.

एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे 5 मेगावॉटला 25 एकरांपर्यंत. एवढं गायरान गेल्यावर मेंढरं कुठं चरायची, हा प्रश्न मेंढपाळांनी विचारायच्या आधी तुम्ही काढा, आणि उरलेल्या चराईची हद्द नकाशावर दाखवूनच ठराव घ्या.

एक गोष्ट प्रकल्प करत नाही: जुनी डीपी बदलत नाही. दिवसा वीज आली, की सगळे ऑटोस्विच एकदमच मोटारी सुरू करतात, दाब पडतो आणि डीपी जळते. सभेतच डीपीनिहाय शेतकऱ्यांच्या पाळ्या ठरवा, कपॅसिटर बसवायची कबुली घ्या आणि जास्त भाराच्या डीपींची यादी ठरावाला जोडून पाठवा.