एजंटचा हिशेब आणि आपला हिशेब

प्रिय मित्रा,

काल तू पाठवलेलं, परदेशात डॉक्टरकीला पाठवणाऱ्या एजंटचं माहितीपत्रक नीट वाचलं. त्यातलं ‘पाच वर्षांत डॉक्टर, इंटर्नशिप भारतात, सगळं मिळून तीस लाख’ हे वाक्य तुझ्या बाबांना पटलंय, म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने, म्हणजे एनएमसीने, परदेशी पदवीचे नियम बदलले. मी रशियातून शिकून आलो तेव्हा ते नव्हते. आता परदेशात किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून व्हावा लागतो, आणि त्यावर त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप. शिवाय ती पदवी घेऊन त्या देशात तिथल्या नागरिकांसारखाच वैद्यकीय परवाना मिळण्याची पात्रता हवी. परत आल्यावर इथे पुन्हा 12 महिन्यांची इंटर्नशिप आहेच. भारतातली इंटर्नशिप तिथल्या इंटर्नशिपच्या जागी चालत नाही, दोन्ही कराव्या लागतात. तुझ्या पत्रकातली ‘पाच वर्षं’ इथेच अडतात. अट कमी पडली, तर ते सहा वर्षांनी, पैसे संपल्यावर कळतं.

‘एनएमसी मान्यताप्राप्त’ असा शिक्का पत्रकावर आहे. एनएमसी परदेशी महाविद्यालयांना अशी मान्यता देतच नाही. कॉलेज अमुक जागतिक यादीत आहे, यावरूनही काही सिद्ध होत नाही. म्हणून एजंटकडे शिक्का मागू नकोस, कागद माग. विद्यापीठाच्या लेटरहेडवर वर्षवार विषय, एकूण महिने, शिकवण्याची भाषा आणि इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात होते, हे लिहून हवं. तिथून पास झालेल्या एखाद्या भारतीय मुलाची गुणपत्रिकाही बघायला माग. एजंट टाळाटाळ करू लागला, तर तिथेच थांब.

आता परीक्षा. परदेशी पदवी घेऊन आलेल्यांना इथे एफएमजीई पास व्हावी लागते. तिची जून आणि डिसेंबर अशी वर्षाला दोन सत्रं असतात. एका दिवसात 300 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 150 बरोबर हवेत, चुकीला गुण कापत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण 2024 च्या जून सत्रात बसलेल्यांपैकी साधारण पाचातला एकच पास झाला. मी स्वतः तिसऱ्या प्रयत्नात सुटलो, आणि कारण मला ठाऊक आहे. वर्ग इंग्रजीत होता, पण वॉर्डातला रुग्ण रशियन बोलायचा. मला ‘कुठे दुखतंय’ विचारता यायचं, पण ते दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, हे समजून घेता येत नसे. तीन वर्षं मी रुग्णाच्या खाटेपाशी नुसता उभा राहिलो. मग मेडिसिन आणि सर्जरी पुण्यात कोचिंगच्या खोलीत पाठ केलं. ही परीक्षा घेणाऱ्या एनबीईएमएसने तिचे कॉलेजनिहाय निकाल प्रसिद्ध केलेत. तुझ्या कॉलेजातून किती बसले आणि किती पास झाले, एवढं बघ.

पैशांचा हिशेब मी मांडून बघितला. आकडे अंदाजाने धरलेत, तुझे खरे आकडे तू घाल. तिकडे फी, राहणं, जेवण मिळून वर्षाला पाच लाख, सहा वर्षांचे तीस. विमान, व्हिसा, विमा यांचे वर्षाला पाऊण लाख, म्हणजे साडेचार. परतल्यावर कोचिंग आणि सहा महिन्यांचं राहणं दोन लाख. पहिला प्रयत्न हुकला, तर आणखी दीड. झाले अडतीस. इकडे राज्य कोट्यातलं खाजगी कॉलेज शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या साडेनऊ लाखांचं धर, साडेचार वर्षांचे पावणेत्रेचाळीस. पुण्यातच मिळालं, तर तू घरी राहशील. फरक उरतो पाच लाखांचा. पण इथे साडेपाच वर्षांत इंटर्नशिपसकट मोकळा होशील. तिकडे सहा वर्षं, मग परीक्षेची निदान सहा महिन्यांची वाट, मग इथली इंटर्नशिप. पहिल्याच फटक्यात पास झालास तरी साडेसात वर्षं होतात.

अभिमत विद्यापीठाचं गणित वेगळं आहे. तिथे वर्षाला पंचवीस लाख पडले, तर पदवी कोटीच्या पुढे जाते. त्यासाठी गावची जमीन विकायची असेल, तर मी तुला परदेशात जा म्हणेन, वरचे कागद हाती आल्यावर. त्याआधी सीईटी सेलच्या सगळ्या फेऱ्या, शेवटच्या रिकाम्या जागांच्या फेरीसकट, संपू देत. एजंटची ‘आज बुकिंग करा’ घाई नेमकी याच फेऱ्यांच्या दिवसांत असते. आणि तुझ्या बहिणीची पाळी येईल तेव्हा लक्षात ठेव: उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची फी राज्याने 2024 पासून माफ केलीय, सीईटी सेलच्या प्रवेशावर, अभिमत सोडून.

रविवारी सकाळी वारज्याला दवाखान्यात ये. अनामत रक्कम अजून भरली नसेल, तर तोवर भरू नकोस. विद्यापीठाचा कागद आणि नीटचं स्कोअरकार्ड सोबत आण, महिने आपण बसून मोजू.

तुझा,
डॉक्टर काका