साचा कुणाच्या नावावर असेल?

> आमच्या यंत्राला एक खास सुटा भाग लागतो. बाहेरचा पुरवठादार आमच्यापेक्षा स्वस्तात देतोय, पण त्यासाठी वेगळा साचा करावा लागेल म्हणून पाच वर्षांचा करार मागतोय. बांधून घ्यावं का? की घरीच बनवावा?

तो करार का मागतोय, ते आकड्यांत बघा. समजा साचा 100 ला पडतो आणि मोडीत काढला तर 20 येतात. वर्षभराच्या मालाचे तुम्ही 80 देणार आणि त्याचा माल-मजुरीचा खर्च 50. व्याज सोडून द्या. पाच वर्षांत 150 सुटतात, त्यात मोडीचे 20 आले, साच्याचे 100 गेले. नफा 70.

आता साचा तयार झाल्यावर तुम्ही म्हणालात, "60च देणार." साचा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. त्याने काम सोडलं तर हातात फक्त 20. पुरवत राहिला तर वर्षाला 10 प्रमाणे पाच वर्षांत 50 आणि शेवटी मोडीचे 20. म्हणून तो पुरवत राहील आणि एकूण व्यवहारात 30 गमावेल. हाच होल्ड-अप. त्याला ही कोंडी आजच दिसते. करार दिला नाहीत तर तो भाव चढवेल, किंवा खास साचा न करता साध्या यंत्रावर काम भागवेल.

कोंडी उलटीही होते. तुमची जुळणी त्याच्या भागावर बेतली आणि दुसरा पुरवठादार उभा करायला आठ महिने लागणार असले, की भाववाढ तो मागेल. करारात हे सगळं मावत नाही. डिझाइन बदलतं, मागणी दुप्पट होते, आणि नेमकी तिथेच ओढाताण सुरू होते. जनरल मोटर्सने 1919 साली मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या फिशर बॉडी या कंपनीशी दहा वर्षांचा करार केला, 60 टक्के हिस्साही घेतला, आणि तरी 1926 मध्ये अख्खी कंपनी आपल्यात विलीन केली. त्यामागे होल्ड-अपच होता का, यावर अर्थतज्ज्ञांचं आजही एकमत नाही. पण नुसत्या लांब मुदतीच्या करारावर मी विसंबणार नाही.

माझा सल्ला: भाग बाहेरूनच घ्या, पण साच्याचे पैसे तुम्ही द्या आणि मालकी लेखी तुमच्याकडे ठेवा. साचा त्याच्या कारखान्यात राहू दे. साच्याचे 100, त्यातून मोडीचे 20 गेले की 80, म्हणजे पाच वर्षांत वर्षाला 16; ते भावातून वजा होतील आणि 80 चे 64 होतील. तुम्ही काम काढून घेतलंत तरी त्याचं भांडवल बुडत नाही, आणि तो अडून बसला तर साचा उचलून दुसरीकडे नेता येतो. देखभाल कोण करणार आणि मागितल्यावर किती दिवसांत साचा परत देणार, हे मात्र नक्की लिहून घ्या.

खरं कसब साच्यात नसून त्याच्या कारागिरांच्या हातात असेल, तर हा उपाय पुरत नाही. तेव्हा घरी बनवण्याचा विचार करा, पण स्वतःच्या विभागाला ऑर्डर जाण्याची भीती नसते आणि खर्च हळूहळू वाढत जातो, हेही हिशेबात धरा. म्हणून आधी त्याला एवढंच विचारा: साचा दुसऱ्या कारखान्यात बसवला तर पहिला चांगला भाग निघायला किती दिवस लागतील? उत्तर दोन आठवडे असेल तर बाहेरूनच घ्या. सहा महिने असेल तर साच्याची मालकी तुम्हाला फारशी उपयोगी पडणार नाही.